अल्फवेन वेग सीजीएसमध्ये नेताना: 4π कुठे जातो, c कुठे येतो

प्रश्न: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सूर्याच्या कोरोनातला अल्फवेन वेग काढतोय. एसआयमध्ये सूत्र v = B/√(μ₀ρ) आहे. सीजीएसमध्ये μ₀ = 1 असतो असं वाचलं, म्हणून v = B/√ρ घेतलं. B = १० गॉस आणि घन सेंटिमीटरला १ अब्ज प्रोटॉन धरून सेकंदाला सुमारे २४४५ किमी आले. पुस्तकात ७०० च्या आसपास दिलंय. मिती तपासल्या तर त्या बरोबर येतात. मित्र म्हणतो μ₀ = 4π/c² घे, पण त्याने आकडा प्रकाशाच्या वेगाच्याही कितीतरी पुढे जातो. नेमकं कुठे चुकतंय, आणि सूत्र बदलायची भरवशाची पद्धत कोणती?

उत्तर:

तुमच्या मित्राने सांगितलेली किंमत बरोबर आहे, पण त्याने अर्धंच काम सांगितलं. तुम्ही वाचलेलं वाक्यही खोटं नाही, मात्र ते या सूत्रात वापरायचं नाही. बरोबर सूत्र हे:

v = B/√(4πρ)

त्यात तुमचेच आकडे घातले की सेकंदाला ६९० किमी येतात. हे सूत्र कोणत्याही प्लाझ्माच्या पुस्तकात सापडेल. ते हाताने कसं काढायचं आणि चूक झालीच तर ती कशी पकडायची, हे खरं तुम्हाला हवंय, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

आधी μ₀ = 1 चं प्रकरण. एसआय आणि गॉसियन सीजीएस या दोन पद्धतींत फक्त एककं वेगळी असती, मीटरऐवजी सेंटिमीटर आणि किलोग्रॅमऐवजी ग्रॅम एवढाच फरक असता, तर सूत्रं तीच राहिली असती आणि आकडे तेवढे बदलले असते. यांत्रिकीत तसंच होतं. F = ma दोन्हीकडे F = ma च असतं. विद्युतचुंबकत्वात मात्र समीकरणंच वेगळी आहेत. अँपिअरचा नियम (स्थिर प्रवाहासाठी) एसआयमध्ये

∇×B = μ₀ J

असा आहे आणि गॉसियनमध्ये

∇×B = (4π/c) J

असा. एसआयमध्ये 4π हा μ₀ च्या पोटात आहे. 4π×10⁻⁷ ही त्याची जुनी व्याख्याच होती. २०१९ पासून μ₀ मोजून ठरवतात, पण फरक इतका सूक्ष्म आहे की आपल्या कामात तो दिसणार नाही. गॉसियनमध्ये तो 4π बाहेर, उघड समीकरणात आहे. जुन्या सीजीएस पुस्तकांत ‘निर्वातासाठी μ = 1’ असं असतं ते B = μH या नात्याबद्दल. तिथे 4π आधीच अँपिअरच्या नियमात लिहिलेला असतो. तुम्ही एसआयचं सूत्र घेऊन त्यातला μ₀ पुसून १ केलात, म्हणजे 4π पोटातूनही गेला आणि बाहेरही आला नाही. २४४५ ला ६९० ने भागा. ३.५४५ येतं, आणि √(4π) म्हणजे बरोबर ३.५४५.

आता मित्राचं. μ₀ च्या जागी 4π/c² घालायचं हे खरं, पण त्याच फटक्यात B च्या जागी B/c घालावं लागतं. कारण गॉसियनमध्ये चुंबकीय क्षेत्राची व्याख्याच वेगळी आहे. एसआयमध्ये प्रभारावरचं बल q(E + v×B), तर गॉसियनमध्ये q(E + v×B/c). दोन्हीकडे बल तेच असायला हवं, म्हणून एसआयचा B जिथे जिथे असेल तिथे तिथे B/c. हे एकदा ध्यानात आलं की पूर्ण बदल दोन ओळींचा आहे:

B/√(μ₀ρ)
→ (B/c) / √(4πρ/c²)
= B/√(4πρ)

वरचा c आणि मुळाखालचा c एकमेकांना खातात. मित्राने खालचा c आणला पण वरचा आणला नाही, म्हणून त्याच्या उत्तरात एक c जास्त राहिला.

हाताने काम करताना मी हेच बदल वापरतो:

ε₀ → 1/(4π)
μ₀ → 4π/c²
B → B/c

विद्युतभार q, प्रवाह I, प्रवाहघनता J, विद्युत क्षेत्र E, वाहकता σ यांची चिन्हं आहेत तशीच ठेवायची. वस्तुमान, लांबी, वेळ, तापमान यांना तर हातच लावायचा नाही. चुंबकीय पदार्थ आले तर आणखी दोन लागतात: H → cH/(4π) आणि M → cM. ते बरोबर आहेत का हे पाहायला B = μ₀(H + M) मध्ये घालून बघा, B = H + 4πM मिळतं. कोणतंही कोष्टक वापरण्याआधी असं एखाद्या ओळखीच्या समीकरणावर चालवून पाहावं. कारण अशी कोष्टकं दोन प्रकारची मिळतात. दुसऱ्या प्रकारात q च्या जागी √(4πε₀) q वगैरे घालतात. तीही पूर्ण बरोबर आहेत, पण एका कोष्टकातली ओळ दुसऱ्यात मिसळली की हाती काहीच धड लागत नाही.

एक खबरदारी तुमच्या सूत्रापुरती. इथला ρ ही वस्तुमानाची घनता आहे. त्याच अक्षराने विद्युतभाराची घनताही लिहितात आणि रोधकताही. अक्षर पाहून बदल केला की घोटाळा होतो, म्हणून बदलायला बसण्याआधी प्रत्येक चिन्हाखाली ते काय आहे हे लिहून ठेवा.

हे नुसतं कोष्टकाच्या भरवशावर मानू नका, मुळातून काढून बघा. प्लाझ्माच्या एकक आकारमानावर चुंबकीय क्षेत्राचं बल गॉसियनमध्ये J×B/c आहे. त्यात J = (c/4π) ∇×B घातलं की

(∇×B)×B / 4π

उरतं. बलाच्या समीकरणातला c खाली होता, अँपिअरच्या नियमातून आलेला c वर आला, दोन्ही गेले आणि 4π राहिला. या बलाचे दोन भाग पडतात: B²/8π एवढा दाब आणि क्षेत्ररेषांच्या दिशेने B²/4π एवढा ताण. तंबोऱ्याच्या तारेवर लहरीचा वेग √(ताण/एकक लांबीचं वस्तुमान) असतो, तसाच इथे √(ताण/घनता), म्हणजे B/√(4πρ). हानेस अल्फवेन यांनी १९४२ मध्ये या लहरींचं भाकीत केलं आणि १९७० च्या नोबेलमागे त्यांचं याच क्षेत्रातलं काम होतं. सूत्राचं शरीर मात्र ताणलेल्या तारेचंच आहे.

यातून c कुठे राहील आणि कुठे जाईल याचा एक अंदाज आधीच बांधता येतो. सूत्रात B हा वर्गात, एकटाच यांत्रिक राशींबरोबर आला असेल (दाब, ताण, ऊर्जा घनता, अल्फवेन वेग) तर c उरत नाही. B बरोबर प्रभार किंवा प्रवाह उघडपणे आला असेल तर c जवळजवळ नेहमी उरतो. याचं सरळ उदाहरण म्हणजे चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतो ती वारंवारता. एसआयमध्ये ω = eB/m. आपल्या बदलांनी थेट ω = eB/(mc) मिळतं, आणि इथे c खायला दुसरा c नाही.

हा c मुळात आला कुठून? पूर्वी सीजीएसच्याच दोन पद्धती होत्या. एकीत प्रभाराचं एकक स्थिर विद्युतबलावरून ठरवलेलं, दुसरीत प्रवाहांमधल्या चुंबकीय बलावरून. वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ च्या सुमारास या दोन एककांचं गुणोत्तर प्रयोगाने मोजलं आणि सेकंदाला सुमारे ३.१ लाख किमी असा वेग निघाला. प्रकाशाच्या वेगाच्या तो इतका जवळ होता की मॅक्सवेलने त्याची दखल घेतली. गॉसियन पद्धतीत विद्युत राशी पहिल्या पद्धतीच्या आणि चुंबकीय राशी दुसरीच्या घेतात, त्यामुळे दोन्ही एका सूत्रात भेटल्या की मधे c उभा राहतो. म्हणून c विसरणं ही गॉसियनमधली नेहमीची चूक आहे, आणि सुदैवाने ती मितीतून सापडते.

आता मितीकडे वळू. गॉसियनमध्ये विद्युतभाराला स्वतःची वेगळी मिती नाही. कूलोंबच्या नियमात स्थिरांक नसल्यामुळे q²/r² = बल, आणि त्यातून q च्या मितीत अर्धे घात येतात: M^(1/2) L^(3/2) T^(-1). B ची मिती M^(1/2) L^(-1/2) T^(-1). हे अर्धे घात कागदावर सांभाळत बसलं की चुका वाढतात. त्यापेक्षा मी तीनच गोष्टी मनात ठेवतो:

q² = ऊर्जा × लांबी
B² = ऊर्जा / आकारमान (E² सुद्धा)
qB = बल (qE सुद्धा)

पहिल्या दोन ओळींचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं की तिसरी मिळते, म्हणजे तिची वेगळी सिद्धता नको. आता तुमचं सूत्र वर्ग करून तपासा. B²/ρ म्हणजे (ऊर्जा/आकारमान) भागिले (वस्तुमान/आकारमान), म्हणजे ऊर्जा/वस्तुमान, म्हणजे वेगाचा वर्ग. जमलं. अर्धा घात कुठेही लिहावा लागला नाही. मित्राचं सूत्र cB/√(4πρ) आहे. त्याची मिती वेग × वेग, म्हणजे cm²/s². वेग म्हणून ती चालणारच नाही. त्याने मिती पाहिल्या असत्या तर आकडा काढायची गरजच पडली नसती.

वारंवारतेचं सूत्रही पाहा. समजा कोणी c विसरून ω = eB/m लिहिलं. eB हे बल, त्याला वस्तुमानाने भागलं की त्वरण. वारंवारता हवी होती आणि त्वरण आलं. त्वरणाला वेगाने भागलं की 1/T मिळतं, म्हणजे खाली एक c हवा. कोणता घटक कुठे राहिला हेसुद्धा मितीने सांगितलं.

तुमची चूक मात्र मितीला दिसली नाही, आणि दिसणारही नव्हती. 4π हा निव्वळ आकडा आहे, त्याला मिती नाही. एसआयमध्ये हीच चूक लगेच सापडली असती. तिथे μ₀ ला मिती आहे, तो गाळला की B/√ρ मध्ये अँपिअर शिल्लक राहतो आणि उत्तर वेग नाही हे उघड होतं. गॉसियनमध्ये विद्युतचुंबकत्वाच्या राशी M, L, T या तीनच मितींत कोंबलेल्या आहेत, त्यामुळे तिथली मितीय तपासणी एसआयपेक्षा दुबळी आहे. E आणि B ची मिती एकच, म्हणून एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी कळत नाही. H आणि M ची मितीही तीच, म्हणून B = H + M असं लिहून 4π गाळला तरी तपासणी हिरवा कंदील दाखवते. v/c सारखं गुणोत्तर एखादं राहून गेलं तर तेही निसटतं.

म्हणून माझा आग्रह असा: मिती आधी एसआयमध्ये तपासा, मग सूत्र बदला, मग पुन्हा गॉसियनमध्ये तपासा. मूळ सूत्रच कुठून तरी चुकीचं उतरवून घेतलं असेल तर ते पहिल्या पायरीला सापडतं, बदलताना c सुटला असेल तर तिसऱ्या पायरीला. 4π साठी या दोन्ही तपासण्या पुरत नाहीत. त्याला एकच उपाय आहे: एकाच भौतिक परिस्थितीचा आकडा दोन्ही पद्धतींत काढायचा.

तुमच्या कोरोनावर तेच करू. गॉसियनमध्ये B = १० गॉस, घनता म्हणजे प्रोटॉनचं वस्तुमान गुणिले घन सेंटिमीटरमधली संख्या:

ρ = 10⁹ × 1.6726×10⁻²⁴ = 1.6726×10⁻¹⁵ g/cm³
4πρ = 2.102×10⁻¹⁴
√(4πρ) = 1.450×10⁻⁷
v = 10 / 1.450×10⁻⁷ = 6.90×10⁷ cm/s

एसआयमध्ये तेच क्षेत्र 10⁻³ टेस्ला आणि तीच घनता 1.6726×10⁻¹² kg/m³:

μ₀ρ = 1.2566×10⁻⁶ × 1.6726×10⁻¹² = 2.102×10⁻¹⁸
√(μ₀ρ) = 1.450×10⁻⁹
v = 10⁻³ / 1.450×10⁻⁹ = 6.90×10⁵ m/s

दोन्हीकडे सेकंदाला ६९० किमी. संगणकावर करायचं तर एवढं पुरे:

```python
from math import pi, sqrt

v_si  = 1e-3 / sqrt(4e-7*pi * 1e15 * 1.6726e-27)   # m/s
v_cgs = 10   / sqrt(4*pi    * 1e9  * 1.6726e-24)   # cm/s

print(v_si, v_cgs/100)
```

छापून आलेले दोन आकडे सारखे आले पाहिजेत. या दोन ओळी एकमेकींवरून कॉपी करू नका, प्रत्येक पद्धतीचे आकडे स्वतंत्रपणे घाला. एका ओळीतला आकडा गुणून दुसरीत आणला तर चूकही सोबत जाते आणि जुळणी खोटी ठरते.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. ‘१ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस’ हे आपण सर्रास लिहितो, पण हे १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर यासारखं समीकरण नाही. टेस्ला आणि गॉस यांची मितीच वेगळी आहे. त्या वाक्याचा खरा अर्थ असा, की जिथे एसआयवाला १ टेस्ला म्हणेल तिथे गॉसियनवाला १०,००० गॉस म्हणेल. म्हणून आकडा बदलणं आणि सूत्र बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करावी लागतात. एसआयच्या सूत्रात गॉस घालणारे आणि गॉसियन सूत्रात टेस्ला घालणारे मला बरेच भेटतात. त्यांच्या उत्तरात १०,००० पट फरक पडतो आणि ते मात्र 4π शोधत बसतात.

दोन उत्तरं जुळली नाहीत तर गणित पुन्हा पहिल्यापासून करू नका. आधी त्यांचं गुणोत्तर काढा, बहुतेक वेळा चूक त्यातच वाचता येते. ३.५४५ आलं तर √(4π) सुटलाय. १२.५७ आलं तर 4π. १०,००० आलं तर गॉस आणि टेस्ला मिसळलेत. गुणोत्तर 3×10¹⁰ च्या जवळ आलं तर c राहिला, आणि 3×10⁹ च्या जवळ आलं तर प्रभार कूलोंबमध्येच राहिला, कारण १ कूलोंबला गॉसियनमध्ये 2.998×10⁹ स्टॅटकूलोंब म्हणतात. इलेक्ट्रॉनची फिरण्याची वारंवारता यावर सरावाला चांगली आहे. e = 4.803×10⁻¹⁰ स्टॅटकूलोंब, B = १० गॉस, m = 9.109×10⁻²⁸ ग्रॅम घेऊन eB/(mc) काढलं तर 1.76×10⁸ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे २८ मेगाहर्ट्झ. गॉसला २.८ मेगाहर्ट्झ हा आकडा सौर रेडिओवर काम करणाऱ्यांना तोंडपाठ असतो, तेव्हा उत्तर ताडायला बाहेरचा आधारही आहे.

प्रत्येक फरक एककांचाच असतो असंही नाही. तुमचं उत्तर पुस्तकाहून १.०८ पटीने जास्त आलं तर 4π शोधू नका. कोरोनात हायड्रोजनच्या दर दहा अणुकेंद्रकांमागे साधारण एक हेलियमचं असतं. पुस्तकात १ अब्ज ही संख्या इलेक्ट्रॉनची असेल आणि लेखकाने हेलियम धरला असेल, तर वस्तुमान घनता सुमारे १.१७ पट होते आणि वेग ६९० वरून ६४० च्या घरात उतरतो. एककांतून येणारे गुणक 4π, c आणि दहाचे घात यांचेच असतात, त्यामुळे १.०८ सारखा आकडा दिसला की तो भौतिकीतून आलाय हे ओळखता येतं.

तुम्ही ‘μ₀ = 1’ कुठे वाचलंत हे लिहिलेलं नाही, पण एक शक्यता सांगून ठेवतो, कारण प्रोजेक्ट पुढे गेला की तिची गाठ पडेलच. चुंबकीय प्लाझ्माच्या सिम्युलेशनच्या अनेक कोडमध्ये खरोखरच v = B/√ρ असं लिहिलेलं असतं, आणि तिथे ते बरोबर असतं. Athena आणि PLUTO ही त्यातली नेहमीची नावं. तिथे क्षेत्र गॉसमध्ये नसतं. √(4π) ने भागून घेतलेलं क्षेत्र हेच B म्हणून साठवलेलं असतं. PLUTO मध्ये घनतेचं एकक ρ₀ आणि वेगाचं v₀ निवडलं की क्षेत्राचं एकक √(4πρ₀v₀²) इतके गॉस ठरतं. समजा ρ₀ = 1.6726×10⁻¹⁵ g/cm³ आणि v₀ = सेकंदाला १००० किमी, म्हणजे 10⁸ cm/s. मग एकक होतं १४.५ गॉस. तुमचे १० गॉस कोडमध्ये ०.६९ म्हणून जातील, घनता १ म्हणून जाईल, आणि वेग ०.६९/√१, म्हणजे ०.६९ गुणिले १००० किमी, म्हणजे पुन्हा ६९०. तिथे १० हा आकडा तसाच घातलात, किंवा कोडमधून आलेला B गॉस समजून आलेखावर चढवलात, की √(4π) किंवा ते १४.५ कुठेतरी हरवणार, आणि मितीय तपासणी तेव्हाही गप्प राहणार.

शेवटी सरावासाठी एक सूत्र देतो. सगळे बदल पूर्ण होतात की नाही याची ते कठोर परीक्षा घेतं. क्षेत्र फार प्रबळ आणि घनता फार कमी असेल तर B/√(4πρ) प्रकाशाच्या वेगापुढे जाऊ शकतो, कारण त्या सूत्रात विस्थापन प्रवाह धरलेला नाही. तो धरला, आणि प्लाझ्मा थंड असेल, तर एसआयमध्ये

v² = B² / (μ₀ρ + B²/c²)

असं मिळतं. आता बदला. वरचा B² होतो B²/c². खाली μ₀ρ होतं 4πρ/c², आणि B²/c² होतं B²/c⁴. वर-खाली c² ने गुणलं की

v² = B² / (4πρ + B²/c²)

विद्यार्थी इथे हमखास खालच्या बेरजेतला B बदलायचा विसरतात. त्यांना वाटतं, तिथे c आधीपासून आहेच. तो c प्रकाशाचा वेग म्हणून मूळ भौतिकीतून आलेला आहे, पद्धत बदलल्यामुळे आलेला नाही, त्यामुळे B च्या वाट्याचा c वेगळा द्यावाच लागतो. विसरलात तर छेदात 4πρ/c² आणि B²/c² यांची बेरीज उरते. मिती तपासा: B²/c² म्हणजे ऊर्जा घनता भागिले वेगाचा वर्ग, म्हणजे वस्तुमान घनता. शेजारी ρ/c² आहे, म्हणजे घनता भागिले वेगाचा वर्ग. दोन वेगळ्या मितींची बेरीज होत नाही, चूक सापडली. गुणाकाराच्या सूत्रापेक्षा बेरजेच्या सूत्रात मिती जास्त काम करतात, कारण प्रत्येक पद दुसऱ्या पदाला तपासतं. म्हणून शक्य असेल तिथे अंतिम सूत्राऐवजी ज्या समीकरणातून ते आलं त्यातली पदं एकमेकांशी ताडून पाहा.

तुमच्या कोरोनात v/c सुमारे ०.००२३ आहे, म्हणजे या दुरुस्तीने वेगात दहा लाखांत तीनहून कमी भागांचा फरक पडतो. प्रोजेक्टमध्ये साधं सूत्र बिनधास्त वापरा. फक्त सूत्राखाली ‘गॉसियन, B गॉसमध्ये, ρ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर’ एवढी ओळ जरूर लिहा.